बारा, आठ आणि एकशे ऐंशी

कागदाच्या माथ्यावर ताईंनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘आकडेमोड करायची नाही.’ खाली दोन्ही बाजूंनी भरून गणितं. मी कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हटलं, ‘‘मग करायचं काय?’’

‘‘मांडायचं,’’ ताई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर ताट होतं आणि ताटात वाटाण्याच्या शेंगा. ‘‘फक्त मांडायचं. गुणाकार, भागाकार काही नको. उत्तर तर अजिबात नको.’’

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. नाशिकरोडला एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवतात. मी पंचवटीत राहते. त्या वर्षी दर रविवारी दुपारी मी सिटी बसने त्यांच्याकडे जायचे, कारण मला सरळसेवेची लिपिकाची परीक्षा द्यायची होती, आणि वयाच्या अटीत माझी ती जवळजवळ शेवटची संधी होती. आधीच्या खेपेला मराठी, सामान्य ज्ञान, सगळं नीट गेलं होतं. गणिताने घात केला. त्यातही शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम असल्या शाब्दिक उदाहरणांनी.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही, की ती उदाहरणं मला यायची. घरी पुस्तकातून प्रकरणवार सोडवताना दहाच्या दहा बरोबर. ‘समप्रमाण’ असं वर लिहिलेलं असलं की खाली तिरकस गुणाकार करायचा. ‘व्यस्त प्रमाण’ लिहिलेलं असलं की आडवा. ‘शेकडेवारी’ असली की गुणून शंभराने भागायचं. मोबाइलवर एक सर होते, ते हे सगळं अर्ध्या मिनिटात करून दाखवायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर करायचे. परीक्षेत मात्र वर काही लिहिलेलं नव्हतं. सगळी उदाहरणं एका पंगतीत बसवलेली, आणि कोण कुठल्या घरचं ते ओळखायला येईना.

म्हणून मी ताईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या ओळखायची एखादी खूण सांगतील. त्यांनी हातात दिला हा कागद.

पहिल्या दिवशी मी त्यांचं ऐकलं नाही. दुसरंच उदाहरण होतं: १२ बायका द्राक्षं पेट्यांत भरायचं काम ८ दिवसांत संपवतात, तर ८ बायकांना तेच काम करायला किती दिवस लागतील? माझा हात आपोआप चालला. आठ आठे चौसष्ट, भागिले बारा. पाच पूर्णांक एक तृतीयांश दिवस. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

ताईंनी कागद ओढून घेतला. बघितला. शेंग सोलता सोलता म्हणाल्या, ‘‘चार बायका कमी झाल्या आणि काम लवकर संपलं? कुठे मिळतात गं अशा बायका? दिंडोरीकडचे बागायतदार पाया पडतील तुझ्या.’’

मी हसले. ‘‘घाईत चुकलं,’’ म्हटलं.

‘‘घाई कशाची होती? मी तर उत्तर मागितलंच नव्हतं.’’ त्यांनी कोरा कागद पुढे केला. ‘‘आकडे विसर. आधी सांग, विचारलंय काय? बायका की दिवस?’’

‘‘दिवस.’’

‘‘मग दिवस उजवीकडे. जे काढायचं ते नेहमी उजव्या हाताला. डावीकडे बायका. आता मधली ओळ लिही, एका बाईची. एकटी बाई असली तर दिवस जास्त लागतील की कमी?’’

‘‘जास्त.’’

‘‘तेवढंच लिही आणि पुढच्या गणितावर जा.’’

मी लिहिलं: ‘१२ बायका, ८ दिवस. १ बाई, जास्त दिवस, म्हणून ८ गुणिले १२. ८ बायका, एकटीपेक्षा कमी दिवस, म्हणून त्याला भागिले ८.’ आता डोळ्यांसमोर उत्तर लख्ख होतं. शहाण्णव भागिले आठ, बारा दिवस. ते लिहायला त्या देईनात. ‘‘मला दिसतंय उत्तर,’’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘दिसू दे. लिहू नकोस.’’

जेवणाचं ताट समोर ठेवावं आणि हात बांधावेत तसं झालं मला.

पुढचे किती रविवार असेच गेले. मी शिकलेली बाई. एका दवाखान्यात वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर पेशंटच्या नोंदी केल्यात. आणि इथे बसून ‘एका किलोच्या कमी माळा’, ‘एका भागाचे कमी लाडू’ अशी पहिलीतल्या पोरीसारखी वाक्यं लिहीत होते. परीक्षेची तारीख जवळ येत होती आणि माझ्या वहीत एकही उत्तर नव्हतं. बसमध्ये उभं राहून घरी येताना मी मनातल्या मनात ताईंशी भांडायचे. द्वारका चौक येईपर्यंत मी त्यांना चांगलं सुनावलेलं असायचं. पुढच्या रविवारी पुन्हा मुकाट्याने जाऊन बसायचे.

बरं, मांडणीसुद्धा सरळ यायची नाही. एक उदाहरण होतं: १८० लाडू दोन वर्गांत १२ : ८ या प्रमाणात वाटायचे आहेत. मी लिहिलं, ‘१२ वर्ग, १८० लाडू.’ ताईंनी कपाळाला हात लावला. ‘‘वर्ग किती आहेत?’’

‘‘दोन.’’

‘‘मग बारा काय आहेत?’’

मला सांगता येईना. बारा लाडू? तसंही नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘भाग. एकाचे बारा भाग, दुसऱ्याचे आठ. मिळून वीस भागांत एकशे ऐंशी लाडू बसलेत. मग तुझा ‘एक’ काय?’’

‘‘एक भाग.’’

‘‘लिही.’’

मी लिहिलं. एका भागाचे कमी लाडू, १८० भागिले २०. म्हणजे नऊ, म्हणजे एका वर्गाला एकशे आठ, दुसऱ्याला बहात्तर. ते मी फक्त मनात म्हटलं, आणि मनात म्हणतानाही चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. ‘तुझा एक कुठला?’ कधी एक बाई, कधी एक किलो, कधी एक भाग, कधी एक टक्का. हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं भिनलं, की भाजीवाल्याने पाव किलोचा भाव सांगितला तरी मला ताईंचा आवाज ऐकू यायचा. आणि चीड यायची.

मग तो रविवार आला.

कागदावर शेकडेवारीची दोन उदाहरणं एकाखाली एक होती. पहिलं: १८० रुपयांच्या वस्तूवर १२ टक्के सूट आहे, तर किती रुपये द्यावे लागतील? दुसरं: एका शाळेतल्या मुलींपैकी १२ टक्के मुली गैरहजर आहेत. गैरहजर मुली १८० आहेत, तर एकूण मुली किती?

पहिलं मी बरोबर मांडलं. १०० टक्के म्हणजे १८० रुपये, एक टक्का म्हणजे १८० भागिले १००, बारा टक्के म्हणजे त्याला गुणिले १२, तेवढे वजा. ताई ‘हं’ म्हणाल्या. त्यांचं ‘हं’ म्हणजे मोठं बक्षीस. त्या बक्षिसाच्या भरात मी दुसरंही तसंच, वजाबाकी तेवढी सोडून, मांडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांची नजर चुकवून बाजूला हिशोबही केला. एकवीस पूर्णांक सहा दशांश.

ताईंनी तो आकडा बघितला. आधी ओठ दाबले, मग त्यांना आवरेना. त्या मोठ्याने हसल्या. ‘‘एकवीस पूर्णांक सहा मुली! अगं, ती पॉइंट सहा मुलगी वर्गात बसते की बाकाखाली? आणि एकशे ऐंशी गैरहजर आहेत त्या कुठल्या शाळेतल्या?’’

त्या वाईट हेतूने हसल्या नव्हत्या, हे मला आज कळतं. त्या क्षणी माझ्या कानांत नुसतं हसू भरलं.

‘‘वरच्या गणितात हेच केलं, तेव्हा बरोबर होतं,’’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘‘तिथेही बारा टक्के, तिथेही एकशे ऐंशी. तिथे चालतं आणि इथे चालत नाही. मग माणसाने ओळखायचं कसं?’’

‘‘तेच तर मांडायला सांगते मी. शंभर कशाला म्हटलंस?’’

‘‘मला नाही माहीत शंभर कशाला म्हटलं! ताई, मी तुमच्या सातवीतली मुलगी नाहीये. मला परीक्षा द्यायचीये. मला उत्तरं पाहिजेत आणि तुम्ही मला उत्तर लिहूच देत नाही!’’

ताईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, ‘‘उत्तरं काढणारं यंत्र दुकानात मिळतं. ते घेऊन जा परीक्षेला.’’

‘‘नेऊ दिलं असतं तर नेलंच असतं,’’ मी म्हटलं. वही आणि तो कागद पिशवीत कोंबला, चपला घातल्या आणि निघाले. त्यांनी केलेला चहा ओट्यावर तसाच राहिला. जिन्यात मला वाटलं, त्या हाक मारतील. नाही मारली.

घरी आल्यावर नवऱ्याने तोंड बघूनच ओळखलं. तो अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहे. गणित चांगलं, आणि ते चांगलं आहे हे त्याला नीट माहीत आहे. ‘‘दाखव बरं,’’ म्हणाला. मी कागद टेबलावर टाकला. गैरहजर मुलींचं उदाहरण त्याने वाचलं आणि म्हणाला, ‘‘सोपं आहे गं. एकूण मुली एक्स धर.’’ भराभर चार ओळी खरडल्या. ‘‘पंधराशे. झालं.’’

‘‘पण एक्स का धरला?’’

‘‘एक्सच धरतात.’’

मला रडू फुटायचं बाकी होतं. ताई उत्तर देत नव्हत्या, हा नुसतं उत्तरच देत होता.

जेवताना त्याने पुन्हा कागद ओढला. आता त्याला चेव आला होता. शेवटचं उदाहरण वाचलं: एका वस्तूची किंमत आधी १२ टक्क्यांनी वाढवली, मग वाढलेली किंमत १२ टक्क्यांनी कमी केली, तर मूळ किमतीच्या मानाने काय फरक पडला?

‘‘काहीच नाही,’’ तो घास घेत म्हणाला. ‘‘बारा चढली, बारा उतरली. होती तिथेच आली.’’

‘‘दुसऱ्यांदा शंभर कशाला म्हटलंस?’’ मी विचारलं.

तो थांबला. मीही थांबले. तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला होता आणि मला त्याचा अर्थ कळत होता. पहिल्यांदा शंभर म्हणजे जुनी किंमत. ती चढून एकशे बारा झाली. आता उतरायचं ते या एकशे बारावर. आता तीच शंभर टक्के. तिचा एक टक्का एक पूर्णांक बारा शतांश, मोठा झालेला. तसे बारा टक्के म्हणजे तेरा पूर्णांक चव्वेचाळीस. उरले अठ्ठ्याण्णव पूर्णांक छप्पन्न. किंमत खाली गेली होती, दीड टक्क्याच्या जरा आत.

नवऱ्याने मोबाइलवर करून पाहिलं आणि ‘‘हो गं, खरंच की,’’ म्हणाला. पण माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी उठून खरकट्या हाताने तो कागद पुन्हा वाचायला लागले. गैरहजर मुली. एकशे ऐंशी म्हणजे शंभर टक्के नव्हतेच. ते बारा टक्के होते. मग एक टक्का म्हणजे एकशे ऐंशी भागिले बारा, पंधरा मुली. आणि सगळ्या म्हणजे शंभर टक्के, पंधराशे. एक्स कुठेच लागला नाही.

कागदाच्या सुरुवातीला पहिलं उदाहरण होतं: १२ किलो झेंडूत १८० माळा होतात, तर ८ किलोत किती? तिथेही एका किलोच्या पंधरा माळा, आठ किलोच्या एकशे वीस. तेच पंधरा. मग मला ते दिसलं. बारा, आठ, एकशे ऐंशी. बारा, आठ, एकशे ऐंशी. अख्ख्या कागदावर उदाहरणं वेगळी होती आणि आकडे तेच तेच होते. इतके रविवार मी तो कागद बघत होते आणि मला वाटलं होतं, ताईंनी नवे आकडे शोधायचा कंटाळा केला. त्यांनी ते मुद्दाम केलं होतं. आकड्यांकडे बघून मला काहीही ओळखता येऊ नये म्हणून.

आणि हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं! कळल्याचा आनंद व्हायच्या आधी मला त्याचाच राग आला.

बुधवारी त्यांचा फोन आला. ‘‘रविवारी येणार आहेस का? म्हणजे मी तसा स्वयंपाक करते.’’

‘‘येईन,’’ मी म्हटलं. ‘‘पण आकडे सगळीकडे तेच आहेत हे सांगितलं असतंत, तर काय बिघडलं असतं?’’

त्या म्हणाल्या, ‘‘सांगितलं असतं तर तू पाठ केलं असतंस.’’

रविवारी मी गेले. त्यांनी भरली वांगी केली होती. भांडणाबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. त्या दिवसापासून मला आकडेमोड करायची परवानगी मिळाली.

परीक्षा आडगावच्या बाजूला एका कॉलेजात होती, कॉम्प्युटरवर. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी पळत होती. गणिताचा भाग उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. प्रत्येक उदाहरण वाचलं. विचारलंय काय? ते उजवीकडे. माझा एक कुठला? कच्च्या कागदावर मी ओळी मांडत गेले. एक उदाहरण तर टाकीत पाणी भरणाऱ्या नळांचं होतं. तिथे माझा हात तिरकस गुणाकाराकडे वळला आणि मी तो आवरला. नळ वाढले तर वेळ कमी. पुढे गेले. जे सोडवलं ते बरोबर होतं, हे मला पर्याय बघायच्या आधी कळत होतं.

आणि वेळ संपली. शेवटची उदाहरणं मी वाचलीसुद्धा नव्हती. पडदा आपोआप बंद झाला. अर्धवट राहिलेल्या एका उदाहरणाच्या दोन ओळी मांडून झालेला कच्चा कागद पर्यवेक्षकाने हातातून काढून घेतला.

यादी लागली त्यात माझं नाव नव्हतं. गुण मोबाइलवर दिसले. गणितात मागच्यापेक्षा कितीतरी चांगले, आणि तरी पुरले नाहीत. मी किती वेळ त्या पडद्याकडे बघत होते, कोणावर चिडावं ते कळत नव्हतं. चुकले असते तर स्वतःवर चिडले असते. मी चुकले नव्हते. मी हळू होते. मोबाइलवरच्या सरांची अर्ध्या मिनिटाची युक्ती लावणारी कोणीतरी मुलगी, बायका कमी झाल्यावर काम लांबतं की आटोपतं याचा विचारही न करता, खूण बरोबर मारून पुढे गेली असेल. मला तिचा राग आला. तिचं काहीही चुकलं नव्हतं.

त्या रविवारी मी ताईंना तोंडावर म्हटलं, ‘‘तुमची पद्धत बरोबर आहे. पण ती मला वेळेत पुरली नाही.’’

मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्या उठल्या, मोबाइल आणला आणि म्हणाल्या, ‘‘तुझा निकाल कळल्यावर मी पण एक सराव परीक्षा दिली. घड्याळ लावून.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय! माझीही राहिली की शेवटची.’’ त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘‘इतकी वर्षं शिकवतेय मी हे. हा काय मूर्खपणा आहे? माणसाने वाचायचं कधी, विचार करायचा कधी? वर्गात मी पोरांना सांगते, घाई करू नका, आणि पुढे जाऊन त्यांना हे भेटणार?’’

मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. इतके महिने चिडायचं काम माझ्याकडे होतं. त्या बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले, आणि मध्येच मला जाणवलं की आपण मान डोलावतोय.

वयाच्या अटीप्रमाणे अजून एक जाहिरात मला मिळू शकते, थोडे महिने आहेत. ती निघेल की नाही, कोणालाच माहीत नाही. तोवर आम्ही दोघी टेबलावर बसून भांडतो, की कुठली ओळ गाळता येईल. पहिली ओळ गाळता येते, ती प्रश्नातच असते. तिसरी डोक्यात करता येते. मी म्हणते, एकाची ओळही मनातच करू. ताई म्हणतात, ‘‘ती कागदावर पाहिजे.’’ मी म्हणते, ‘‘वेळ जातो.’’ त्या म्हणतात, ‘‘जाऊ दे.’’ मी पेन आपटते. त्या चहा टाकायला उठतात, आणि ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणतात, ‘‘बरं, अर्धीच लिही.’’